तोंडी होकारानंतरचे पाच आठवडे

माझी चूक आधी सांगते, म्हणजे पुढचं सांगायला मोकळी.

सूनबाईला त्या औषधाच्या कंपनीतून फोन आला तो गुरुवारी दुपारी. ती शिकवायची त्या शाळेतून नुकतीच आली होती, एका हातात चप्पल, दुसऱ्या हातात फोन, आणि तशीच दारात उभी राहून "येस मॅम, थँक्यू मॅम" करत होती. फोन ठेवला आणि मला म्हणाली, "आई, झालं. सिलेक्ट झाले. लेटर आठ-दहा दिवसांत येईल म्हणाली." मी काय केलं असेल? पायात चपला सरकवल्या, खाली उतरले, कोपऱ्यावरच्या दुकानातून अर्धा किलो पेढे आणले आणि आमच्या मजल्यावरच्या चारही घरी वाटून आले. सूनबाई मागून ओरडत होती, "अहो आई, थांबा, अजून कागद यायचाय!" पण मी कसली थांबते.

का थांबले नाही, तेही सांगते. ती माझ्या घरी आली तेव्हा चांगली नोकरी करत होती. औषधाची प्रत्येक बॅच बाहेर पडण्याआधी तिचे कागद तपासायचे, कुठे काही राहिलं असेल तर बॅच अडवायची, असं तिचं काम. जबाबदारीचं. मग नात झाली, आणि नात वर्षाची होते न होते तोच आमच्या ह्यांना पक्षाघात झाला. मुलाची नोकरी फिरतीची. मी एकटी ह्यांना उचलू शकत नव्हते. सूनबाईने राजीनामा दिला. कोणी सांगितलं नाही तिला, आणि खरं बोलायचं तर कोणी अडवलंही नाही. मीही नाही. ह्यांचं सगळं तिनं केलं, अगदी शेवटपर्यंत. ते गेले, नात शाळेत जायला लागली, तेव्हा ही परत नोकरी शोधायला निघाली तर जो तो विचारी, "सहा वर्षांची गॅप का?" जशी काही ती सहा वर्षं झोपून होती! शेवटी भाईंदरच्या एका शाळेत वर्षावर्षाच्या कराराने सायन्स शिकवायला लागली. मुलं जीव लावत होती तिला. पण संध्याकाळी जुन्या कामाची पुस्तकं काढून बसायची, ते मला दिसत होतं. तेव्हा तिची ती नोकरी परत येते म्हटल्यावर माझ्या पायात चाकं आली, यात माझं काय चुकलं? चुकलंच, पण काय करणार.

तर कागद काही येईना.

फोन करणारी मुलगी कंपनीच्या भरती विभागातली. आवाजावरून लहान वाटायची, सूनबाई म्हणाली. तिनं मागितलेली सगळी सर्टिफिकिटं हिनं त्याच संध्याकाळी मेलने पाठवली. दहा दिवस गेले. हिनं विचारलं तर उत्तर आलं की अप्रूव्हलला गेलंय, या आठवड्यात होईल. त्यानंतर जी शांतता पसरली ती पसरलीच. हिनं आणखी दोन मेल केले, फोन केला तर वाजून बंद, व्हॉट्सॲपवर मेसेज टाकला तर एकच करडी खूण, दुसरी उमटायलाच तयार नाही.

आणि इकडे माझे पेढे खाल्लेली माणसं. समोरची गुजराती शेजारीण रोज सकाळी दूध घेताना दार उघडून, "क्यों बेन, बहू का ऑफिस कब से चालू?" मी म्हणायची, "बस, अगले हफ्ते." तीन हप्ते मी अगले हफ्ते म्हणत होते. चौथ्या हप्त्यात तीच म्हणाली, "बेन, आपका अगला हफ्ता तो बहुत लंबा है." मेली बोलायला तिखट, पण मनाने चांगली. म्हणाली, "मेरे देवर के साले का लड़का उसी लाइन में है, बोलूँ क्या?" मी घरात येऊन सूनबाईला सांगितलं तर ती म्हणाली, "आई, मी तीन इंटरव्ह्यू देऊन निवडली गेलेय. आता वशिल्याचा डाग कशाला लावून घेऊ?" पटलंच मला ते.

पण मग मी आणखी एक उद्योग केला. ती शाळेत गेली असताना तिच्या डायरीतून त्या मुलीचा नंबर काढला आणि माझ्या फोनवरून लावायला घेतला. म्हटलं, आईच्या वयाची बाई बोलते म्हटल्यावर पोरगी काहीतरी सांगेल. नेमकी त्या दिवशी शाळा लवकर सुटली. सूनबाई आत आली, माझ्या कानाला फोन, समोर तिची डायरी. तिला कळायला किती वेळ लागतो?

"आई, कोणाला लावताय?"

"कोणाला नाही गं, मावशीला."

"मावशीचा नंबर माझ्या डायरीत?"

फोन उचललाच गेला नाही, देव पावला. सूनबाई रागावली नाही, रागावली असती तर बरं. खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "सासूने एचआरला फोन केला असं कळलं ना, तर मला नोकरी देणार नाहीत, तुम्हालाच देतील." मग दोघी हसलो, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तेव्हा तिनं खरी गोष्ट सांगितली. शाळेच्या प्रिन्सिपल बाईंनी विचारलं होतं, पुढच्या वर्षी आहेस ना? शनिवारपर्यंत सांग, म्हणजे तुझ्या जागी दुसरं कोणी शोधायला नको. ही हो म्हणाली तर वर्षभर बांधली गेली, कारण मुलांना अर्ध्यावर सोडणारी ती नव्हे. नाही म्हणाली आणि कंपनीचं काही झालंच नाही, तर हातचंही गेलं.

"मला वाटतं त्यांनी दुसऱ्या कोणाला घेतलं असेल," ती म्हणाली. "गॅपवाली नको वाटली असेल."

हे तिचं वाक्य मला टोचलं. ती गॅप माझ्या घराची होती.

त्या संध्याकाळी मुलगाही घरी होता. तो तापट, बापावर गेलाय. म्हणाला, "सोड ना, त्या नोकऱ्यांच्या साइटवर कंपनीचं नाव घालून लिही पोस्ट, पाच आठवडे लटकवतात म्हणून. बघ कसे धावत येतात." सूनबाई म्हणाली, "धावत येतील आणि माझं नाव कायमचं लक्षात ठेवतील." मग तिनं लॅपटॉप उघडला. इंटरव्ह्यूचं बोलावणं आलं होतं त्या मेलमध्ये त्या मुलीबरोबर आणखी एका बाईंचा पत्ता होता, भरती विभागाच्या वरच्या बाई, त्या मुलीच्या साहेब म्हणा ना. शेवटच्या इंटरव्ह्यूत त्या पाच मिनिटं बोलल्याही होत्या हिच्याशी. "ह्यांना लिहू का?" ती म्हणाली. "पण त्या मुलीच्या डोक्यावरून गेल्यासारखं होईल. कंप्लेंट केली असं वाटेल."

आता इथे मात्र मला काही कळत होतं.

मी शिकले सातवीपर्यंत. पुढचं सगळं वाचून वाचून, इंग्रजीसुद्धा औषधांच्या खोक्यांवरून नि बिस्किटांच्या पुड्यांवरून. ऑफिसचं मला काही कळत नाही. पण होकार येऊन गप्प बसलेली माणसं मी पाहिली आहेत. आमच्यात लग्नाचा तोंडी होकार म्हणजे काही लग्न ठरलं असं नव्हे. याद्या व्हाव्या लागतात. दोन्हीकडची माणसं समोरासमोर बसून, कोणी काय करायचं ते कागदावर लिहून, सह्या होऊन, कागदाला कुंकू लागलं की ठरलं. माझ्या धाकट्या बहिणीच्या वेळी मुलाकडून होकार आला आणि महिनाभर याद्यांचं नावच नाही. मध्यस्थ होते ते भेटेनात. माझा भाऊ म्हणाला, जातो आणि मुलाच्या बापाला जाब विचारतो. आमचे वडील साधे माणूस, गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम होते, पण डोकं थंड. त्यांनी मुलाच्या थोरल्या काकांना पत्र घातलं. आणि पत्र घालायच्या आधी तेच पत्र मध्यस्थाच्या घरी नेऊन त्यांच्या बायकोला वाचून दाखवलं. भाऊ म्हणाला, ह्यांना कशाला? वडील म्हणाले, "मध्यस्थाला टाळून वर गेलो तर तो आपला वैरी होईल. सांगून गेलो तर तोच आपली बाजू घेईल."

मी हे सूनबाईला सांगितलं. ती ऐकत राहिली आणि मग म्हणाली, "म्हणजे सीसी."

"ते काय?"

"मॅडमना मेल करायचा आणि त्याच मेलची कॉपी त्या मुलीलाही. म्हणजे जे लिहिलंय ते तिच्यासमोर लिहिलंय."

"हां, तेच. तुमच्याकडे मध्यस्थाच्या घरी चालत जावं लागत नाही, एवढंच."

मग आम्ही जेवणाचं टेबल आवरून मेल लिहायला बसलो. आम्ही म्हणजे ती लिहीत होती, मराठीत वाचून दाखवत होती आणि मी भाजी निवडता निवडता नाक खुपसत होते. तिचा पहिला मजकूर असा होता: 'मी तीन मेल केले, फोन केले, मेसेज केला, तरी मला आपल्या सहकाऱ्यांकडून काहीही उत्तर मिळालेलं नाही.'

"खरं आहे," मी म्हटलं, "पण हे भांडण आहे."

"मग काय लिहू? मी मजेत आहे?"

"अगं, तिचं नाव वाक्यात पुढे घालू नकोस. उत्तर दिलं नाही म्हणजे तिनं दिलं नाही. उत्तर मला मिळालं नाही, एवढंच आपल्याला माहीत. तिचं काय झालंय ते कुठे माहीत आहे?"

तिनं खोडलं. मग लिहिलं की अमुक तारखेला फोनवर माझी निवड झाल्याचं कळवण्यात आलं, त्याच दिवशी मी कागद पाठवले, अमुक तारखेला मंजुरीला गेल्याचं समजलं, त्यानंतर पुढची माहिती मला मिळू शकली नाही. मंजुरीला वेळ लागतो हे मी जाणते. त्या मुलीच्या सगळ्या बोलण्यात आस्था होती, म्हणून तिचे आभारही मानले. हे आभार तिनं स्वतः घातले, मी सुचवले नव्हते.

शनिवारचं लिहायचं की नाही यावर पुन्हा अडलो. तिला वाटत होतं, धमकी वाटेल. मुलगा आतून ओरडला, "लिही की दुसरी ऑफर आहे, तीन पटीची!" मी म्हटलं, "तू आतच बस." खोटं लिहायचं नाही आणि खरं लपवायचंही नाही. तिनं लिहिलं की सध्याच्या शाळेला मला शनिवारपर्यंत पुढच्या वर्षाबद्दल शब्द द्यायचा आहे, आणि तो देताना त्यांची गैरसोय होऊ नये अशी इच्छा आहे, म्हणून एवढं कळलं तर बरं होईल की निवड कायम आहे का आणि पत्र साधारण कधी येईल. आणि शेवटी: 'निर्णय बदलला असल्यास तेही मोकळेपणाने कळवावे, मी समजून घेईन.'

हे शेवटचं वाक्य तिनं दोनदा वाचलं. मी म्हटलं, "हे काढ, हवं तर." ती म्हणाली, "नाही. हे राहू दे. त्यांना नाही म्हणायला सोपं करून दिलं तरच खरं उत्तर येईल." मी भाजीची जुडी खाली ठेवली आणि बघत राहिले तिच्याकडे. ही अक्कल मला कुठे होती?

मेल त्या संध्याकाळी पाठवला नाही तिनं. मंगळवारी सकाळी दहा वाजता, शाळेतल्या मोकळ्या तासाला पाठवला. म्हणाली, ऑफिस उघडल्या उघडल्या समोर दिसला पाहिजे.

मंगळवार गेला, काही नाही. बुधवारी दुपारी पाली गावची कोळीण आली होती, आमच्या दारात पाटी उतरवून बोंबील मोजत होती. सूनबाई पदर खोचून बोंबील निवडत होती, तेवढ्यात फोन वाजला. नाव बघून तिनं ओल्या हाताने तसाच कानाला लावला. कोळीण मला म्हणाली, "नवरा हाय का बॉस?" मी म्हटलं, "गप, बॉसच आहे."

वरच्या बाईच होत्या. सूनबाईने फोन स्पीकरवर टाकला, माझ्यासाठीच टाकला असणार. बाईंनी आधी माफी मागितली. मग सांगितलं ते ऐकून आम्ही दोघी एकमेकींकडे बघतच राहिलो. ती मुलगी गरोदर होती. सातव्या महिन्यातच त्रास सुरू झाला आणि एका दुपारी ऑफिसातून थेट दवाखान्यात गेली ती गेलीच. तिची कामं दोघींमध्ये वाटली गेली. पण त्यांच्या कॉम्प्युटरच्या यादीत सूनबाईच्या नावापुढे 'ऑफर दिली' असं आधीच लागलं होतं, फोन झाला त्याच दिवशी. यादी बघणाऱ्या दोघींना वाटलं, हिला पत्र गेलेलं आहे, आता हिच्याकडूनच सही यायची आहे. आणि पत्र तर एका साहेबांच्या मंजुरीसाठी अडकलेलं. ज्याचं काम संपलं म्हणून यादीत लिहिलंय, त्याच्याकडे कोण बघणार? "तुम्ही लिहिलं नसतं," बाई म्हणाल्या, "तर आम्ही तुमच्या उत्तराची वाट बघत बसलो असतो." पत्र शुक्रवारी मिळेल, त्या म्हणाल्या.

माझ्या मनात लगेच पुन्हा पायात चपला सरकवायचा विचार आला, खोटं कशाला बोलू. पण सूनबाई शांतपणे म्हणाली, "मॅम, मनापासून आभार. फक्त एक विनंती आहे. आत्ता बोललात तेवढंच दोन ओळींत मेलवर कळवाल का? म्हणजे शाळेत मी काय सांगायचं ते मला ठरवता येईल."

बाई हसल्या. "अगदी बरोबर आहे. आमच्या डॉक्युमेंटेशनला अशीच माणसं हवीत."

दोन ओळी संध्याकाळच्या आत आल्या. शुक्रवारी पत्र आलं, पण पाच वाजून गेल्यावर, तोपर्यंत तिनं दहादा आणि मी तिच्यापेक्षा जास्त वेळा फोनकडे पाहिलं होतं. पत्रात रुजू व्हायची तारीख आधी फोनवर सांगितली होती त्याहून तीन आठवडे पुढची होती. तिनं पानन् पान वाचलं, हुद्दा बघितला, सगळं जुळल्यावर सही केली, आणि मग मला म्हणाली, "आता हवं तर वाटा." मी म्हटलं, "नको बाई, मजल्यावरच्यांना आता गोड चालत नाही."

शनिवारी ती प्रिन्सिपल बाईंना स्वतः जाऊन भेटली. फोनवर सांगितलं असतं तरी चाललं असतं. बाईंना वाईट वाटलं, पण त्या म्हणाल्या, वेळेत सांगितलंस, बरं झालं. रुजू व्हायची तारीख पुढे गेल्यामुळे उलट फायदाच झाला, नवीन येणाऱ्या शिक्षिकेला धडे समजावून द्यायला हिला तीन आठवडे मिळाले. ती बाई चेणे गावची, नवखी. ही तिला घरी बोलवून माझ्या टेबलावर धड्यांचे कागद पसरून बसायची. मी चहा करायची आणि समोरच्या शेजारणीला दार उघडं ठेवून दाखवायची.

एवढ्यावर मी थांबले असते. पण त्या मुलीचं सांगायचं राहिलं.

रुजू झाल्यावर आठवडाभराने सूनबाईच्या फोनवर मेसेज आला. तिनं मला मराठीत वाचून दाखवला. ती मुलगी लिहीत होती की दवाखान्यातून घरी आल्यावर तुमचा मेल उघडला, तेव्हा भीतच उघडला. मला वाटलं, तुम्ही माझी तक्रार केली असणार, आणि तुमचा हक्कही होता. पण तुम्ही माझे आभार मानले होते. मॅडमही मला म्हणाल्या की हा मेल वाच. मुलगी झाली आहे, लहान आहे अजून, काचेच्या पेटीतून परवाच बाहेर आली. मी कामावर आले की तुम्हाला भेटेन.

सूनबाई उत्तर लिहायला बसली. अभिनंदन लिहिलं, काळजी घे लिहिलं, सगळं ठीकच चाललंय, तू आरामात ये, असं लिहिलं. पाठवणार तेवढ्यात मी म्हटलं, "थांब. त्यात लिही, बाळंतिणीने एवढा वेळ फोनमध्ये डोकं घालू नये, डोळ्यांना त्रास होतो."

"आई, ती माझी एचआर आहे."

"असू दे. खाली लिही, सासूबाई म्हणतायत."

तिनं लिहिलं. शब्द न् शब्द. यावेळी मात्र दोन्ही खुणा लगेच उमटल्या, आणि पलीकडून उत्तर आलं, "आईंना सांगा, ठेवतेच आता फोन."